पुणे ते नागपूर घर हलवताना ठेवलेल्या नोंदी

4 मे, रविवार

जुलैपासून नागपूरला रुजू व्हायचं आहे. पुण्यातलं घर दोन बेडरूमचं, भाडेकरार 30 जूनला संपतो. पहिला विचार असा होता की मुलाची सुट्टी आहे तोवर, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, सामान हलवून मोकळं व्हावं. त्यासाठी एका पॅकर्सवाल्यांकडून 31 मे, शनिवार, या तारखेचा दर मागवला. 47,000 रुपये आला. तोच माणूस, तेच सामान, तारीख फक्त 17 जून, मंगळवार, अशी बदलली आणि दर 36,500 वर आला. दोन्ही दर जीएसटी सोडून.

हा फरक डिझेलचा नाही. भाडेकरार महिनाअखेरीस संपतात, सुट्टी शनिवार-रविवारी मिळते आणि बदल्या, शाळाप्रवेश सगळं एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आटोपायचं असतं. त्यामुळे 28 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 4-5 तारखेपर्यंत गाड्याही मिळत नाहीत आणि पॅकिंग येणारी मुलंही मिळत नाहीत. त्या दिवसांत एक टोळी दिवसाला दोन घरं उरकते, म्हणजे जास्त पैसे देऊन काम मात्र घाईचं पदरात पडतं. मला दरापेक्षाही हे जास्त महत्त्वाचं वाटलं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनचा तिसरा आठवडा आम्हाला चालतो. 31 मेला गेलो असतो तर जून महिन्याचं भाडं दोन्ही शहरांत भरावं लागलं असतं. आता नागपूरचं घर 15 जूनपासून घेतलं आहे. एक अडचण मात्र या तारखेबरोबरच येते, ती पावसाची. त्यासाठी बंद बॉडीची गाडी हवी, ताडपत्रीची उघडी नको, हे आजच लिहून ठेवलं.

10 मे, शनिवार

दर मागण्याआधी सामान मोजलं. फोनवर "टू बीएचके" एवढंच सांगितलं की समोरचा मनाने गाडी ठरवतो. म्हणून टेप घेऊन प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहिली आणि गुणाकार केला. फ्रिज साधारण 25 घनफूट, लोखंडी कपाट 31, सुटा केलेला डबल बेड आणि गाद्या मिळून 60, सोफा 75. खोकी किती होतील याचा अंदाज घेतला. दीड फुटी खोकं साडेतीन घनफुटाच्या आत बसतं. सगळी बेरीज 445 घनफूट झाली.

14 फुटी गाडी आतून साधारण 14 बाय 6 बाय 6 असते, म्हणजे 504 घनफूट. कागदावर सामान बसतं. पण वेड्यावाकड्या वस्तूंमध्ये फटी राहतात आणि त्यात 10 ते 15 टक्के जागा जाते. तेवढी वजा केली तर गाडी अगदी काठोकाठ भरते. काठोकाठ भरलेल्या गाडीत शेवटच्या वस्तू सोफ्यावर आणि टीव्हीवर चढतात. म्हणून 17 फुटीच मागायची ठरवली.

15 मे, गुरुवार

तीन ठिकाणचे दर हातात आले. ते एकमेकांशी लावून बघणं सोपं नव्हतं, कारण प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीचा दर दिला होता.

पहिला 22,000 रुपये, फोनवर, सामानाची यादी न बघता. मी यादी पाठवली तरी उत्तर तेच: "ताई, सगळं जाईल, टेन्शन घेऊ नका." कोणती गाडी, किती फुटी, त्यात अजून कोणाचं सामान असेल, यातलं काहीच लिहून द्यायला तयार नाही. अशा दराचा धोका सामान गाडीत चढल्यावर कळतो. तेव्हा सामान जास्त निघालं, मजला वरचा निघाला, गाडी मोठी लागली असं सांगून आकडा वाढवला जातो आणि आपलं घर त्यांच्या गाडीत असतं. हा दर बाजूला ठेवला.

दुसरा 29,000, व्हिडिओ कॉलवर घर बघून, पार्ट लोड. म्हणजे आमचं सामान दुसऱ्या दोन-तीन घरांच्या सामानाबरोबर जाणार. इथे विचारण्याचा खरा प्रश्न असा, की पुण्यात चढलेलं सामान त्याच गाडीतून नागपूरला उतरणार का. उत्तर मिळालं की आधी छोट्या गाडीतून वाघोलीजवळच्या गोडाऊनला, तिथून मोठ्या गाडीत आणि नागपूरला पुन्हा छोट्या गाडीत. म्हणजे प्रत्येक खोकं दोनदा जास्त उचललं जाणार. मोडतोड रस्त्यावर होते त्याहून जास्त या चढउतारीत होते, आणि ती होत असताना आपलं कोणीच तिथे नसतं. शिवाय पोचण्याची तारीख "चार ते नऊ दिवस".

तिसरा 36,500, माणूस घरी येऊन बघून गेला, 17 फुटी बंद गाडी, फक्त आमचं सामान, तिसऱ्या दिवशी पोच. कागदावर खाली बारीक अक्षरात जीएसटी 18 टक्के वेगळा. म्हणजे 6,570 धरून 43,070. पार्ट लोडलाही तोच हिशेब लावला तर 34,220. एकाच गाडीतून सामान जाण्याची किंमत सुमारे नऊ हजार. लाकडी सामान आणि काच जास्त असल्याने आम्ही ती द्यायची ठरवली. पुस्तकं आणि कपडेच असते तर पार्ट लोड घेतलं असतं.

18 मे, रविवार

तिसऱ्या कंपनीची पडताळणी केली. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक services.gst.gov.in वर "Search Taxpayer" मध्ये टाकला. तिथे नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. या कंपनीचं नाव आणि पत्ता जुळला. 22,000 वाल्याचाही क्रमांक सहज टाकून बघितला, तर नोंदणी रद्द झालेली आणि नाव भलतंच. गाजलेल्या कंपनीच्या नावात एखादा शब्द जोडून घेतलेली नावं या धंद्यात बरीच आहेत, त्यामुळे नावावर भरवसा ठेवू नये, क्रमांकावर ठेवावा.

ऑफिसकडून खर्च परत मिळणार असेल तर "आयबीए अप्रूव्ह्ड" बिल मागतात. इंडियन बँक्स असोसिएशन मान्यताप्राप्त वाहतूकदारांची यादी ठेवते. कोटेशनवर तसा शिक्का असणं पुरेसं नाही, यादीत ते नाव त्याच पत्त्यासह आहे का ते बघावं लागतं. माझ्या ऑफिसला ते नको आहे, म्हणून मी पुढे गेले नाही.

कोटेशनमधली एक ओळ काढायला लावली: "ई-वे बिल चार्ज 750". ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायचा कागद, वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. त्याऐवजी सामान वापरलेलं आणि स्वतःचं आहे, विक्रीसाठी नाही, असं सहीचं पत्र आणि सामानाची यादी ड्रायव्हरजवळ ठेवायची. त्यांनी ओळ लगेच काढली.

लिहून घेतलेल्या गोष्टी: दोन्ही घरांचे मजले आणि लिफ्ट, गाडी गेटपासून किती लांब थांबेल, छोट्या गाडीने शटलिंग लागलं तर पैसे कोणाचे, पलंग आणि कपाट उघडून परत जोडून देणं. पैशांचे टप्पे असे ठरले: 10 टक्के टोकन, 50 टक्के गाडी भरल्यावर, बाकी 40 टक्के नागपूरला सामान उतरल्यावर. आधी ते 90 टक्के भरल्यावरच मागत होते. शेवटी काही रक्कम आपल्या हातात राहिली नाही तर उतरवतानाच्या तक्रारीला वजन राहत नाही.

24 मे, शनिवार

आजचा दिवस विम्यात गेला आणि या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात कमी समजावून सांगितला जातो.

कोटेशनमध्ये "ट्रान्झिट इन्शुरन्स 3 टक्के" अशी ओळ होती. सामानाची आजची किंमत मी 4,80,000 काढली होती. त्याचे 3 टक्के 14,400, वर जीएसटी, एकूण 16,992. मी विचारलं की पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि मला प्रमाणपत्र कधी मिळेल. दोन फोननंतर उत्तर आलं: पॉलिसी नाही, ते आमच्या कंपनीचं रिस्क कव्हर आहे. कोटेशनच्या मागच्या अटींत लिहिलं होतं की भरपाई कंपनीच्या निर्णयाप्रमाणे. म्हणजे ज्यांच्या हातून वस्तू फुटेल तेच ठरवणार की पैसे द्यायचे की नाही. याला विमा म्हणता येत नाही.

काही पॅकर्सकडे विमा कंपनीची खरी ओपन पॉलिसी, म्हणजे त्यांच्या सगळ्या फेऱ्यांना लागू होणारी एकच पॉलिसी, असते. ती ओळखायची खूण साधी आहे. गाडी निघण्याआधी आपल्या हातात असा कागद येतो ज्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, आपलं नाव, कुठून कुठे, विम्याची रक्कम आणि कोणतं कलम लागू आहे ते छापलेलं असतं. "नंतर मेल करतो" असं म्हणाले तर ती नाही असं धरावं. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, त्यामुळे नुकसान झाल्यावर काढलेला कागद कामाचा नसतो.

त्याच माणसाने मला आपुलकीने सुचवलं, "ताई, किंमत दोन लाख टाका ना, चार्ज कमी बसेल." यात काय बिघडतं ते आमच्या नेहमीच्या विमा एजंटांनी आकड्यांत दाखवलं. सामान 4,80,000 चं आणि विमा 2,00,000 चा असेल, तर विमा कंपनी म्हणते की उरलेल्या भागाची जोखीम तुम्ही स्वतः घेतली आहे. मग 30,000 चा टीव्ही फुटला तर 30,000 गुणिले 2 भागिले 4.8, म्हणजे फक्त 12,500 मिळतात. विमा कमी रकमेचा असेल तर लहान नुकसानीचीही भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते.

किंमत म्हणजे खरेदीची नव्हे, आजची. सात वर्षांपूर्वी 32,000 ला घेतलेल्या फ्रिजची मी 12,000 लावली. यादीत प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, तिच्यासमोर किंमत. "किचनचं सामान 40,000" अशी मोघम ओळ विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर मान्य करत नाही.

27 मे, मंगळवार

एजंटांकडून एका प्रवासापुरत्या पॉलिसीचं कोटेशन आलं: 4,80,000 वर 2,400 हप्ता, जीएसटी धरून 2,832. पॅकर्सच्या आकड्याचा सहावा भाग. वैयक्तिक घरसामानाची सुटी पॉलिसी द्यायला सगळ्या कंपन्या उत्सुक नसतात. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला, म्हणून हे काम तीन आठवडे आधी सुरू करावं.

कलमाकडे नीट बघावं लागतं. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ए, बी आणि सी अशी तीन कलमं असतात. सी मध्ये आग आणि वीज पडणं एवढंच. बी मध्ये त्यावर गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं अशी नावं घेऊन सांगितलेली कारणं. म्हणजे हमालाच्या हातून खोकं निसटलं तर बी मध्ये काही मिळत नाही. चढउतार करतानाची मोडतोड हवी असेल तर ए लागतं. आम्ही ए घेतलं.

ए मध्येही काय नाही ते एजंटांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी लिहून घेतलं. पॅकिंग पुरेसं नसल्याने झालेलं नुकसान नाही. बाहेरून काही खूण नसताना यंत्र बंद पडलं तर नाही. आमच्या पॉलिसीत वापरलेलं सामान म्हणून ओरखडे आणि पोचेही वगळलेले. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांच्या आतलं नाही. दागिने, रोकड, कागदपत्रं नाहीत. आणि कोणत्याही दाव्यातले पहिले 2,500 आपले.

1 जून, रविवार

वरच्या यादीमुळे पॅकिंगचा बेत बदलला. पैसे वाचवायला काच आणि चिनीमाती आम्हीच भरणार होतो. आता उलट केलं: फुटणारं सगळं पॅकर्स भरतील, आम्ही फक्त कपडे, पुस्तकं, स्टीलची भांडी. मायक्रोवेव्ह मात्र त्याच्या मूळ खोक्यात थर्मोकोलसकट तयार होता, तो आम्हीच भरून चिकटवला.

समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट शोधले. मशीन नवीन येतं तेव्हा मागच्या बाजूला ड्रम आवळून धरणारे तीन-चार लांब बोल्ट असतात. बसवताना ते काढतात आणि बहुतेक घरांत हरवतात. ते न लावता मशीन 700 किलोमीटर गेलं तर ड्रम स्प्रिंगांवर आपटत राहतो आणि आतले शॉक अब्सॉर्बर जातात. बाहेर खूण नसल्याने विमाही लागत नाही. पॅकर्सना याची माहिती नव्हती. ते म्हणाले, बबल रॅप मारतो. आमचे बोल्ट सापडले नाहीत. सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाने त्याच मॉडेलचे आणून बसवून दिले, 500 रुपये घेतले.

गॅस सिलिंडर गाडीत न्यायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घेतलं, त्यावर अनामत परत मिळाली. नागपूरला ते दाखवून नवीन जोडणी मिळेल.

16 जून, सोमवार

पॅकिंग. सकाळी साडेनऊला पाच जण आले. टीव्ही मूळ खोक्यात गेला, कारण तो आम्ही जपून ठेवला होता. नसता तर लाकडी चौकट 1,800 ला सांगितली होती आणि ती मी घेतली असती. पॅनेल फक्त बबल रॅप आणि पुठ्ठ्यात नेणं म्हणजे पॅकिंग अपुरं हा मुद्दा आयता देणं.

प्रत्येक वस्तूचा पॅकिंगआधी आणि नंतर फोटो काढला. टीव्ही, फ्रिज, मशीन चालू स्थितीत व्हिडिओवर घेतले. खोक्यांना नंबर. सुपरवायझरच्या यादीत आणि माझ्या यादीत नंबर सारखे आहेत की नाही हे संध्याकाळी बसून जुळवलं. त्यांच्या यादीत "ओल्ड, स्क्रॅच्ड" असे शेरे जवळपास प्रत्येक वस्तूपुढे लिहिलेले होते. नव्या डायनिंग टेबलापुढचा तो शेरा मी खोडायला लावला आणि त्यांची सही घेतली. असा शेरा तसाच राहिला तर नंतर पडलेला ओरखडा आधीचाच ठरतो.

फ्रिज रात्रीच बंद करून दार उघडं ठेवलं, बर्फाचं पाणी पूर्ण निघायला हवं.

17 जून, मंगळवार

सकाळी पाऊस. गाडी आली ती सांगितलेल्या नंबरची नव्हती. आधीची बिघडली म्हणे. बंद बॉडीची आणि 17 फुटीच होती म्हणून सामान चढवायला हरकत घेतली नाही, पण पॉलिसीत जुना नंबर जाणार होता. नवा नंबर आणि बिल्टीचा, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालपावतीचा, फोटो एजंटांना पाठवला आणि दुरुस्त पॉलिसी मेलवर येईपर्यंत गाडी थांबवली. दोन तास गेले. ड्रायव्हर वैतागला, कारण दिवसा शहरातल्या काही रस्त्यांवर जड गाड्यांना बंदी असते आणि त्याची वेळ चुकत होती. त्याला जेवायला घातलं. हे थांबणं गरजेचंच होतं: पॉलिसी एका गाडीची आणि बिल्टी दुसऱ्या गाडीची असेल तर दाव्याचा पहिला प्रश्न तिथेच अडकतो.

बिल्टीवर सामानाची किंमत रिकामी सोडली होती. ती 4,80,000 लिहून घेतली. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. किंमतच लिहिली नाही तर ही जबाबदारी मोजायला आधारच राहत नाही. विमा असला तरी हे लागतं, कारण आपल्याला पैसे दिल्यावर विमा कंपनी ते वाहतूकदाराकडून वसूल करायला जाते.

19 जून, गुरुवार

नागपूरला गाडी दुपारी पोचली. खोकी नंबरप्रमाणे खूण करत उतरवली. सगळी आली.

टीव्हीच्या खोक्याचा खालचा उजवा कोपरा चेपलेला दिसला. खोकं न उघडता चारही बाजूंनी फोटो घेतले, मग सुपरवायझरसमोर उघडलं. काच वरून शाबूत, चालू केल्यावर अर्ध्या पडद्यावर उभ्या रेघा. लोखंडी कपाटाच्या दाराला हाताएवढा पोचा.

पोचपावतीवर सही करायच्या आधी त्याच कागदावर, ड्रायव्हरच्या आणि माझ्या प्रतीवर, लिहिलं: "खोका क्र. 14, कोपरा चेपलेला, टीव्ही पॅनेल खराब. कपाटाच्या डाव्या दाराला पोचा. बाकी सामान तपासणीच्या अधीन." कोरी सही केली असती तर सामान चांगल्या स्थितीत मिळालं असा तिचा अर्थ झाला असता.

पुढचं अवघड होतं. उरलेले 40 टक्के घेताना सुपरवायझरने प्रस्ताव ठेवला, की 5,000 कमी द्या आणि "कोणतीही तक्रार नाही" असं लिहून विषय संपवा. ऐकायला बरं वाटतं. पण असं लिहून दिलं की वाहतूकदारावरचा आपला हक्क संपतो, आणि तोच हक्क विमा कंपनीला पुढे हवा असतो. तो आपण सोडून दिला तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून टीव्हीबद्दल काही घेतलं नाही. पोचा विम्यात नाहीच, त्यामुळे फक्त कपाटापुरते 1,500 कमी केले आणि पावतीवर "कपाटाच्या पोच्यापोटी" एवढंच लिहिलं.

संध्याकाळी मायक्रोवेव्ह लावला. दिवा लागतो, गरम होत नाही. बाहेर खूण नाही आणि खोकं आम्ही भरलेलं. या दोन्ही कारणांनी तो दाव्यात बसत नाही, घातलाच नाही.

फ्रिज उभाच आला होता, तरी चार तास थांबून चालू केला. मशीन लावण्याआधी ट्रान्झिट बोल्ट काढायचे, नाहीतर पहिल्याच फेरीत मशीन जागेवरून चालायला लागतं.

20 जून, शुक्रवार

विमा कंपनीला काल रात्रीच फोन आणि मेल केला होता, आज दाव्याचा क्रमांक आला. वाहतूकदाराला लेखी पत्र पाठवलं, रकमेसह, रजिस्टर पोस्टाने आणि मेलनेही. कायद्याने ही नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते, पण विमा कंपनी तिची प्रत पहिल्याच कागदांत मागते. त्याच पत्रात नुकसानीचा दाखला मागितला. खोकं, थर्मोकोल, चिकटपट्टीसुद्धा बाल्कनीत जपून ठेवलं. सर्व्हेअर येण्याआधी पॅकिंग टाकून दिलं तर कोपरा कसा चेपला होता हे दाखवायला काही उरत नाही.

27 जून, शुक्रवार

सर्व्हेअर आले. त्यांनी टीव्हीपेक्षा खोक्याकडे जास्त वेळ बघितलं. चेपलेला कोपरा आणि पडद्यावर रेघा जिथून सुरू होतात ती जागा एकाच बाजूला आहे, हे त्यांनी फोटोत घेतलं. पुण्यातला चालू टीव्हीचा व्हिडिओ, पॅकिंगचे फोटो, शेऱ्याची पोचपावती, बिल्टी, किमतींची यादी, टीव्हीचं जुनं बिल आणि सर्व्हिस सेंटरचं पॅनेल बदलण्याचं अंदाजपत्रक घेतलं. पॅनेलचा खर्च टीव्हीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असल्याने पूर्ण नुकसान धरू म्हणाले.

अडलं ते वाहतूकदाराच्या दाखल्यावर. तो द्यायला ते टाळाटाळ करत राहिले. दाखला मागितल्याच्या मेलची प्रत आणि शेरा लिहिलेली पोचपावती, ज्यावर त्यांच्याच ड्रायव्हरची सही आहे, ही दोन्ही सर्व्हेअरनी त्याऐवजी चालवून घेतली. शेरा नसता तर काम इथेच थांबलं असतं.

8 ऑगस्ट, शुक्रवार

पैसे जमा झाले. टीव्हीची यादीतली किंमत 30,000, त्यातून मोडीचे 1,500 आणि आमच्या वाट्याचे 2,500 वजा, हातात 26,000. विमा पूर्ण रकमेचा असल्याने प्रमाणात कपात झाली नाही. बरोबर एका पत्रावर सही घेतली, वाहतूकदाराकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीला दिल्याचं.

एकूण खर्चाचा हिशेब: पॅकर्स 41,570, विमा 2,832, एसी काढणं आणि लावणं 3,700, बोल्ट 500, हमालांना चहापाणी 800. बेरीज 49,402. मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन बदलायला इथे 2,200 सांगितले आहेत, तो खर्च यात धरलेला नाही.